पुरुषांचा मूत्रमार्गसंसर्ग : पाच दिवसांच्या गोळ्या का पुरत नाहीत

पेण तालुक्यातील जोहे हे गणेशमूर्तींचे गाव. माझे मेहुणे तेथील कारखानदारांना रंग आणि प्लास्टर पुरवतात. वय ६१. आषाढ-श्रावणात मूर्तींच्या रंगकामाची घाई असते आणि त्या दिवसांत मेहुणे दुकानाची गादी सोडत नाहीत. पाणी कमी पितात, लघवी तासन्‌तास अडवून धरतात, आणि सूर्यास्तानंतर चौविहार असतोच. गेल्या वर्षी याच दिवसांत त्यांना लघवीच्या वेळी जळजळ सुरू झाली. माझ्या बहिणीला सहा महिन्यांपूर्वी असाच त्रास झाला होता आणि नायट्रोफ्युरँटॉइनच्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी ती बरी झाली होती. तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेहुण्यांनी त्याच गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. पाच दिवस पूर्ण झाले आणि विषय संपला, असे सर्वांस वाटले.

बाराव्या दिवशी हुडहुडी भरून १०२ अंश ताप आला. लघवीची धार बारीक झाली, बसताना दोन मांड्यांच्या मध्ये, गुदद्वाराच्या पुढील भागात जड ठणका लागे.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी शरीराची रचना पाहावी लागते. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा असतो. आतड्यातील जंतू त्यातून सहज मूत्राशयापर्यंत पोहोचतात. म्हणून स्त्रियांना हा त्रास वारंवार होतो. परंतु बहुधा तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरताच राहतो. औषध मूत्रात उतरले की जंतू धुऊन निघतात आणि तीन ते पाच दिवसांत काम होते. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटीमीटरचा. इतका लांबचा पल्ला जंतूंना सहसा गाठता येत नाही, म्हणून तरुण पुरुषांत हा विकार विरळा. तो झालाच, तर जंतूला वर थारा देणारे काही कारण आहे काय, हे पाहावे लागते. पन्नाशीनंतर ते कारण पुष्कळदा प्रोस्टेट ग्रंथी हेच असते.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. वयोमानाने ती वाढते, मार्ग दाबला जातो आणि लघवी करूनही मूत्राशयात काही मूत्र शिल्लक राहते. त्या साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात आणि शेजारच्या ग्रंथीतही शिरतात. रक्तातील औषध या ग्रंथीच्या आत सहजासहजी जात नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रात भरपूर उतरते, ग्रंथीच्या गाभ्यात मात्र पुरेसे पोहोचत नाही. मेहुण्यांच्या बाबतीत मूत्र स्वच्छ झाले, जळजळ गेली, पण जंतू ग्रंथीत सुरक्षित राहिले. आपल्या पेढीवरील भाषेत सांगायचे, तर व्याज फिटले, मुद्दल तसेच राहिले.

म्हणूनच पुरुषांचा उपचारक्रम लांब असतो. मात्र 'लांब' म्हणजे प्रत्येकाला महिनाभर, असेही नाही. ताप नाही, फक्त जळजळ आणि वारंवार लघवी आहे, अशा पुरुषांना योग्य औषध सात दिवस दिले तरी चौदा दिवसांइतकाच गुण येतो, असे अमेरिकेत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ताप असल्यास चित्र बदलते. फ्रान्समधील अभ्यासात ताप असलेल्या पुरुषांपैकी चौदा दिवस औषध घेतलेले शंभरात सुमारे ७८ बरे झाले. सात दिवसांवर थांबवलेल्यांपैकी केवळ ५६. आणि ग्रंथीलाच उघड सूज आली असेल, तर दोन ते चार आठवडे औषध चालते. जुनाट संसर्गात तर चार ते सहा आठवडे. ताप हा येथला मुख्य निर्णायक मुद्दा आहे. साध्या मूत्राशयदाहात ताप सहसा येत नाही.

ताप आला त्याच दिवशी मेहुण्यांना पेणच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी प्रथम औषध दिले नाही. आधी लघवीचा नमुना घेतला. सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत, कल्चरसाठी. एकदा प्रतिजैविक पोटात गेले की नमुन्यात जंतू उगवत नाहीत, मग कोणता जंतू आणि त्यावर कोणते औषध चालते हे कळायला मार्ग उरत नाही. आपल्याकडे तर जुनी, सर्रास वापरली जाणारी औषधे पुष्कळ जंतूंवर चालेनाशी झाली आहेत, म्हणून पुरुषाच्या बाबतीत ही तपासणी चुकवू नये. नंतर डॉक्टरांनी बोटाने हलकेच तपासले. ग्रंथी सुजलेली आणि स्पर्शालाही दुखरी होती. अशा वेळी ती जोराने दाबायची नसते, जंतू रक्तात जाऊ शकतात. सोनोग्राफीत ग्रंथी ४६ ग्रॅमची आणि लघवीनंतर मूत्राशयात १२० मिलिलिटर मूत्र शिल्लक दिसले. रक्तातील साखर व मूत्रपिंडाचे काम यांचीही तपासणी झाली.

तीन दिवस इंजेक्शने दिली. तेवढ्यात कल्चरचा अहवाल आला : ई. कोलाय जंतू, को-ट्रायमॉक्साझोलला दाद देणारा. हे औषध ग्रंथीत चांगले शिरते. सल्फाची ॲलर्जी नाही हे विचारून घेतले, आणि एकूण चार आठवडे पूर्ण होतील असा क्रम ठरवला. धार सुधारण्यासाठी टॅम्सुलोसिन सुरू केले. दोन-तीन दिवसांत ताप उतरला नसता, तर ग्रंथीत पू झाला आहे काय, हे पुन्हा पाहावे लागले असते. लघवी पूर्ण अडली, तर मात्र घरी वाट पाहू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

नवव्या दिवशी मेहुणे म्हणाले, "आता काहीच होत नाही, गोळ्या बंद करतो." पर्युषण आले होते आणि दरवर्षीप्रमाणे त्यांना अठ्ठाई करायची होती. डॉक्टरांनी साफ नकार दिला. लक्षणे जाणे आणि ग्रंथी निर्जंतुक होणे यांत दोन-तीन आठवड्यांचे अंतर असते, शिवाय या औषधाबरोबर पाणी भरपूर लागते. मग मेहुण्यांनी महाराजसाहेबांची अनुमती घेऊन त्या आठ दिवसांत अठ्ठाईऐवजी बियासणे केली. नवकारशीनंतर सव्वासातला पहिल्या बैठकीत एक गोळी, सूर्यास्तापूर्वी साडेसहाला दुसऱ्या बैठकीत दुसरी. अंतर सव्वाअकरा तासांचे; डॉक्टरांना ते चालले. उकाळलेले पाणी दिवसभर मोजून घेतले, जेणेकरून चौविहार मोडला नाही. दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पोटॅशियम तपासले, कारण या औषधाने ते वाढू शकते. ते ठीक होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या घरी विनाकारण घबराट करून गेली. तापाच्या दिवसांत तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये पीएसएही आले आणि आकडा निघाला १४. मुलाने कर्करोग गृहीत धरून मुंबईत वेळ घेण्याची तयारी केली. डॉक्टरांनी समजावले की संसर्गाने हा आकडा असाच चढतो. ग्रंथी शांत होईपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे, तो पाहण्यात अर्थ नाही. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा पीएसए २.१ होते, लघवीत जंतू नव्हते आणि शिल्लक मूत्र ३० मिलिलिटरवर आले होते. टॅम्सुलोसिन अजून चालू आहे. तोच जंतू पुन्हा निघाला, तर तो ग्रंथीतच दडला आहे असे समजून तत्काळ यावे, एवढे डॉक्टरांनी बजावून ठेवले आहे. बहिणीची ती जुनी चिठ्ठी मेहुण्यांनी फाडून टाकली.