पंचेचाळीस अंश, पण कुठल्या बाजूला?

कॅलिग्राफीचा पहिला संच घरी येतो तेव्हा त्यात सपाट टोकाच्या चार-पाच निब असतात, एक दांडी असते आणि घडी घातलेलं माहितीपत्रक असतं. त्या पत्रकावर रोमन अक्षरं असतात आणि शेजारी लेखणीचा कोन दाखवणारी छोटी आकृती असते. हौशी माणूस ती आकृती पाहून निब तशीच धरतो आणि उत्साहाने ‘अ’ काढतो. ‘अ’ वाचता येतो, जाड-बारीक रेषाही उमटतात, पण अक्षर मराठी वाटत नाही. परदेशी पाहुण्याने काढल्यासारखं ते दिसतं. मग दोष हाताच्या वळणावर जातो आणि कित्ते गिरवणं सुरू होतं. वळण बहुतेक वेळा ठीकच असतं. निबची धार उलट्या बाजूला कललेली असते, एवढीच खरी अडचण.

सपाट टोकाच्या लेखणीत जाड-बारीकपणा हाताच्या दाबावर ठरत नाही. तो ठरतो रेष कुठल्या दिशेने ओढली यावर. निब धारेच्याच दिशेने सरकली तर केसासारखी रेष उमटते. धारेला काटकोनात ओढली तर निबच्या पूर्ण रुंदीची रेष मिळते. बाकी सगळ्या दिशांना जाडी या दोन टोकांच्या मधली. त्यामुळे धार कागदावर कशी टेकली आहे हे एकदा ठरलं, की अक्षरात कुठे जाड आणि कुठे बारीक हेही ठरून जातं.

रोमन लिपीत ही धार डाव्या खालच्या बाजूकडून उजव्या वरच्या बाजूकडे चढत जाते. बोरूने लिहिलेल्या परंपरागत देवनागरीत ती डावीकडे वर आणि उजवीकडे खाली, म्हणजे उतरती असते. कोन दोन्हीकडे पंचेचाळीस अंशांचा असू शकतो, पण कल विरुद्ध. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या खिळ्यांनी छापलेलं एखादं पुस्तक हाती आलं तर ‘र’ निरखून पाहावा. त्याचा खाली उजवीकडे उतरणारा पाय बारीक असतो आणि त्याआधी डावीकडे तिरकी येणारी रेष जाड. ही वाटणी बोरूच्या उतरत्या कापातून आलेली आहे. खिळे धातूचे झाले तरी ती टिकली.

निब बरोबर धरली आहे का, हे कळायला दोन खुणा काढल्या तरी पुरतात. आधी अधिकचं चिन्ह काढावं. आडवी आणि उभी रेष सारख्याच जाडीची आली तर कोन पंचेचाळीसच्या आसपास आहे. पण हे चिन्ह फसवंही आहे, कारण धार चढती असो वा उतरती, पंचेचाळीस अंशांत दोन्हीकडे ते सारखंच दिसतं. म्हणून शेजारी फुली काढावी. तिची डावीकडून उजवीकडे उतरणारी रेष केसासारखी आणि दुसरी रेष भरघोस आली, तर धार देवनागरीची. उलटं झालं तर निब अजून त्या माहितीपत्रकाचंच ऐकते आहे.

आडवी-उभी रेष समान का हवी, हे शिरोरेषेपाशी समजतं. समजा निब 4 मिलिमीटर रुंद आहे. धार पंचेचाळीस अंशांत ठेवली तर काना 2.8 मिलिमीटरचा आणि शिरोरेषाही 2.8 मिलिमीटरचीच येते. धार आडवीकडे झुकवून तीस अंशांवर आणली, की काना साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि शिरोरेषा 2 मिलिमीटरवर उतरते. हे काहींना आवडतं. डोक्यावरचा भार हलका होतो आणि लांब ओळ वाचायला सोपी जाते. पण धार उभीकडे सरकून साठ अंशांवर गेली तर हिशोब उलटतो. शिरोरेषा साडेतीनची, काना जेमतेम 2 मिलिमीटरचा, आणि अक्षरं जाड वाशाला टांगल्यासारखी दिसू लागतात. नवशिक्यांच्या वहीत हे फार दिसतं, कारण ओळ पुढे सरकते तसं मनगट वळत जातं. पहिल्या अक्षराचा काना आणि शेवटच्या अक्षराचा काना मोजून पाहिला की ते लगेच सापडतं.

उतरती धार धरायची कशी, ही मात्र खरी अडचण आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची लेखणी साधारणपणे खाली उजवीकडे कललेली असते. सरळ कापाच्या निबला त्यामुळे आपोआप चढती धार मिळते, म्हणजे रोमनला सोयीची. तिला उतरती करायला मनगट आत मुरडलं तर दहा मिनिटांत हात भरून येतो. जुन्या लेखकांनी मनगटाला त्रास देण्याऐवजी बोरूच तिरका कापला. टोक वर करून पाहिलं तर देवनागरीच्या बोरूचा डावा कोपरा पुढे आलेला आणि उजवा मागे गेलेला असतो. असा तीस अंशांचा काप घ्यायचा, दांडी शरीराकडे सरळ ठेवायची आणि कागदाची उजवी बाजू थोडी वर करून तो पंधरा अंश तिरपा ठेवायचा. तीस आणि पंधरा मिळून पंचेचाळीस होतात आणि मनगट जागचं हलत नाही. पायलट पॅरलल हे लोकप्रिय पेन दोन धातूच्या पट्ट्यांचं असतं आणि त्याचं टोक सरळ असतं. त्यावर देवनागरी लिहायची तर कागद बराच जास्त तिरपा करावा लागतो.

विकत काही न घेता हे सगळं समजून घ्यायचं असेल तर दोन पेन्सिली रबरबँडने शेजारी बांधाव्यात. दोन्ही टोकं म्हणजे निबचे दोन कोपरे. साध्या पेन्सिलीची जाडी सात मिलिमीटरच्या आसपास असते. उजवी पेन्सिल 4 मिलिमीटर मागे सरकवली की जवळजवळ तीस अंशांचा काप तयार होतो आणि धारेची रुंदी साधारण आठ मिलिमीटर भरते. दोन समांतर रेषांमधलं अंतर कुठे मिटतं आणि कुठे फाकतं हे या जोडीत उघडं दिसतं. शाईच्या भरीव रेषेत ते लपून जातं.

दुसरा प्रश्न निबच्या रुंदीचा. निब किती रुंद घ्यावी, असं विचारलं जातं, पण एकट्या रुंदीला अर्थ नसतो. अक्षराची उंची निबच्या किती पट आहे, यावर अक्षराचा ठळकपणा ठरतो. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या पायथ्यापर्यंत निबच्या पाचपट उंची ठेवून सुरुवात करणं सोयीचं पडतं. सातपट केली तर अक्षर सडपातळ होतं, चारपट केली तर गुटगुटीत.

‘वर्षा’ हा शब्द 4 मिलिमीटरच्या निबने लिहून पाहू. पाचपट म्हणजे अक्षराची उंची 20 मिलिमीटर. वर रफारासाठी निबच्या दोन-अडीचपट, म्हणजे 8 ते 10 मिलिमीटर मोकळे ठेवायचे आणि पुढे उकार-ऋकार येतील म्हणून तेवढेच खाली. एका ओळीला अशी सुमारे 40 मिलिमीटर जागा लागते, हे आधी आखून घ्यावं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

‘व’च्या पोटाची रेष कान्यापासून निघते आणि डावीकडे वळते. डाव्या वरच्या खांद्यावर ती पूर्ण 4 मिलिमीटरची भरते, डाव्या खालच्या वळणावर अगदी बारीक होते आणि परत कान्याकडे चढताना जाडावते. चढत्या धारेने हाच ‘व’ काढला तर सगळा भार खाली डावीकडे जातो आणि पोट ओघळलेलं दिसतं. वळण घेताना बोटांमध्ये दांडी फिरवण्याचा मोह होतो, तो आवरायचा. दांडी फिरली की बारीक जागा सरकते आणि शेजारशेजारचे दोन ‘व’ एकाच हातचे वाटत नाहीत.

पोटफोड्या ‘ष’ ही तर खरी परीक्षा. त्याच्या पोटातली तिरकी रेष डावीकडून उजवीकडे उतरते, म्हणजे नेमकी धारेच्या दिशेने. म्हणून ती केसासारखी येते आणि पोट मोकळं राहतं. धार उलटी असेल तर तीच रेष 4 मिलिमीटरची होऊन पोट बुजवते. रुंदीचा हिशोबही इथेच पटतो. ‘ष’चं पोट उंचीच्या दोन तृतीयांशांपर्यंत उतरतं असं धरलं, तर 20 मिलिमीटरच्या अक्षरात ते सव्वातेरा मिलिमीटरवर संपतं. त्यातून शिरोरेषेचे 2.8 आणि पोटाच्या तळाचे 2.8 वजा केले की आत साडेसात मिलिमीटरहून थोडी जास्त उंची मोकळी राहते. हाच शब्द त्याच निबने फक्त तिप्पट, म्हणजे 12 मिलिमीटर उंचीत कोंबला तर आत जेमतेम अडीच मिलिमीटर उरतात आणि शाई जरा पसरली की ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक राहत नाही. अशा वेळी अक्षर मोठं करावं, नाहीतर निब लहान घ्यावी.

रफार ‘ष’च्या डोक्यावर न देता पुढच्या कान्यावर द्यायचा. घाईत तो अलीकडे पडतो. शिरोरेषा शेवटी, एका दमात ओढावी.

रेषेची एक कड स्वच्छ आणि दुसरी फाटकी येत असेल तर निबचा एक कोपरा कागदावरून उचलला जातो आहे. फाटकी कड डावी असेल तर डावा कोपरा, उजवी असेल तर उजवा. तिरक्या कापात मागे असलेला उजवा कोपराच जास्त वेळा उचलला जातो. त्यावर शाई वाढवून काही होत नाही. दांडी थोडी आडवी करून पाहावी. अनुस्वार ही याची झटपट चाचणी. निब टेकवून, धारेला काटकोनात, तिच्या रुंदीइतकीच ओढली तर कोपऱ्यावर उभा राहिलेला चौकोन उमटायला हवा. त्याचा एखादा कोन बोथट आला तर तो कोपरा कागदाला टेकलेला नाही.

डावखुऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे आणि इथे ते फायद्यात आहेत. ओळीच्या खाली हात ठेवून लिहिणाऱ्या डावखुऱ्याची दांडी खाली डावीकडे कललेली असते. त्यामुळे दुकानातल्या साध्या सरळ निबलाही त्याच्या हातात उतरती धार आपोआप मिळते. डावखुऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तिरक्या निब रोमन अक्षरांच्या सोयीने कापलेल्या असतात. देवनागरी लिहिणाऱ्या डावखुऱ्याने त्या घेऊ नयेत. सरळ कापाची निब, सरळ ठेवलेला कागद आणि फुलीची चाचणी, एवढ्यावर त्याला पहिल्याच दिवशी ‘वर्षा’पर्यंत पोचता येतं.