प्रत्ययाविना घडणारे शब्द

2006 साली महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन झाली आणि मराठीला ‘मनसे’ हा शब्द मिळाला. प्रत्यय नाही, समासही नाही. तीन शब्दांची पहिली अक्षरे एकत्र आली एवढेच. तरीही हा पूर्ण शब्द आहे. त्याला विभक्ती लागते, लिंगही आहे. ‘मनसे मैदानात उतरली’ म्हणताना ‘सेना’चे स्त्रीलिंग टिकते, तर ‘भाजप’ सहसा ‘पक्ष’ शब्दामुळे पुल्लिंगी राहतो.

अशा शब्दाला आद्याक्षरी शब्द म्हणतात. इंग्रजीत ‘नाटो’ सलग वाचतात, ‘बीबीसी’ मात्र एकेक अक्षर सुटे उच्चारावे लागते. देवनागरी अक्षरात स्वर सामावलेला असल्याने ‘अंनिस’, ‘शेकाप’ सहज उच्चारता येतात. हा भेद मराठीत पुसट होतो.

पुढे ‘मनसे’ आणि ‘सैनिक’ एकमेकांत मिसळून ‘मनसैनिक’ झाला. हा संमिश्र शब्द. पहिल्याची सुरुवात, दुसऱ्याचा शेवट आणि सांध्यावर दोघांचा सामाईक ‘स’. ‘हिंग्लिश’ही असाच. अर्थात, ‘मनसैनिक’ हा ‘शिवसैनिक’च्या धर्तीवर बेतला, असेही म्हणता येते, दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असू शकतात.

छाटणीत शब्द फक्त आखूड होतो. ‘लॅबोरेटरी’ची सुरुवात उरून ‘लॅब’, ‘टेलिफोन’चा शेवट उरून ‘फोन’, ‘इन्फ्लुएन्झा’चा मधला तुकडा उरून ‘फ्लू’. अर्थ तोच, नाम ते नामच. कोणता भाग उरेल हे मात्र आधी सांगता येत नाही.

रूपांतराचे तसे नाही. ‘रंग’ नाम आहे. ‘भिंत रंगली’ यात तोच क्रियापदाचा धातू झाला. ‘ली’ हा केवळ काळ-लिंग-वचनाचा प्रत्यय, नवा शब्द घडवणारा नव्हे. येथे शब्दाची जात बदलते, रूप अखंड राहते. ‘पाणी’पासून ‘पाणावणे’ होताना ‘आव’ दिसतो. मग ‘रंगणे’मध्ये अदृश्य प्रत्यय मानावा का? हान्स मार्चंड यांनी इंग्रजीसाठी असा शून्य प्रत्यय मानला. पाणिनीच्या व्याकरणातही ‘क्विप्’ हा प्रत्यय आहे, ज्याचे सर्व वर्ण लोप पावतात. ‘वेदविद्’ त्यातूनच सिद्ध होतो. यावर आक्षेप असा की न दिसणारे प्रत्यय कुठेही मानता येतील. शिवाय ‘खेळ’ आधी नाम की धातू, हेच ठरवणे अवघड.

म्हणून वर्गीकरणात रूपांतराला व्याकरणाच्या आत जागा मिळते. उरलेल्या तिघांना वोल्फगांग ड्रेसलर, एलिसा मात्तिएल्लो यांच्यासारखे अभ्यासक व्याकरणबाह्य शब्दघडण म्हणतात, कारण मूळ शब्दावरून निष्पत्तीचे नेमके भाकीत करता येत नाही. इंगो प्लाग यांचा मुद्दा वेगळा आहे: शब्दावयवांची संख्या आणि आघात पाहिले, तर छाटणीत व मिश्रणातही नियमितपणा सापडतो. वाद जन्माच्या रीतीपुरता आहे. एकदा घडलेला ‘मनसे’ ‘मनसेने’, ‘मनसेला’ असा इतर नामांसारखाच चालतो.