मोटरीच्या पाटीवरील कोडे

एखाद्या कारखान्यात लेथ चालताना तुम्ही पाहिला असेल. त्याला फिरवणाऱ्या मोटरीच्या अंगावर धातूची एक छोटी पाटी ठोकलेली असते. समजा, तिच्यावर असे लिहिले आहे : ४१५ व्होल्ट, १४.५ अँपिअर, शक्तिगुणक ०.८३, ७.५ किलोवॅट.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. मग करा गुणाकार. ४१५ × १४.५ म्हणजे सुमारे ६,०१८ वॅट, म्हणजे जेमतेम ६ किलोवॅट. पण पाटीवरचे ७.५ किलोवॅट ही मोटरीच्या दांड्यावर मिळणारी यांत्रिक शक्ती आहे. सहा घेऊन साडेसात देणारे यंत्र जगात असूच शकत नाही! कोणी म्हणेल, तारा तीन आहेत, तेव्हा तिनाने गुणा. तसे केले तर १८ किलोवॅट येतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक वीज वाया गेली असे ठरते, आणि तेही खरे नाही. मग चूक कोठे झाली?

चूक ४१५ या आकड्याचा अर्थ लावण्यात आहे. थ्री फेजच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांमधील हा दाब आहे. एक तार आणि न्यूट्रल यांच्यामधील दाब मात्र २४० व्होल्टच असतो. दोन तारांमधील दाब याच्या दुप्पट, म्हणजे ४८० का नाही? कारण तिन्ही तारांतील दाब एकाच वेळी कमाल होत नाहीत. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या एक तृतीयांश आवर्तनाने मागे असते.

हे कागदावर पडताळून पाहा. एका बिंदूपासून ४.८ सेंटिमीटर लांबीच्या तीन रेषा काढा. प्रत्येक दोन रेषांत १२० अंशांचा कोन ठेवा. येथे १ सेंटिमीटर म्हणजे ५० व्होल्ट, म्हणून प्रत्येक रेषा २४० व्होल्टची झाली. आता दोन रेषांच्या टोकांमधील अंतर पट्टीने मोजा. ते सुमारे ८.३ सेंटिमीटर भरेल, म्हणजेच ४१५ व्होल्ट! या दोन लांबींचे गुणोत्तर ३ चे वर्गमूळ, १.७३२, आहे.

आता हिशेब सोपा झाला. प्रत्येक तारेचा वाटा २४० × १४.५, आणि अशा तारा तीन. तीन वेळा २४० म्हणजे ७२०, आणि १.७३२ × ४१५ म्हणजेही जवळजवळ ७२०. म्हणून तारांमधील दाब मोजला असेल, तर तिनाऐवजी १.७३२ ने गुणायचे. आपण हिशेब तारांकडून केला आहे. त्यामुळे मोटरीच्या आतील वेटोळी ताऱ्यासारखी जोडलेली असोत वा त्रिकोणासारखी, सूत्र हेच राहते :

वॅट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × शक्तिगुणक

पहिल्या तीन संख्यांचा गुणाकार सुमारे १०,४२० येतो. त्याला ०.८३ ने गुणले की ८,६५० वॅट, म्हणजे ८.६५ किलोवॅट मिळतात. मोटर पूर्ण भाराने तासभर चालली, तर मीटरवर ८.६५ युनिट पडतील. त्यांपैकी ७.५ किलोवॅट लेथला मिळतात. उरलेली शक्ती मोटरीतच, मुख्यतः उष्णतेच्या रूपाने खर्च होते. कोडे सुटले!

पण शक्तिगुणकाने का गुणायचे? मोटरीला चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यासाठीही प्रवाह लागतो. हा प्रवाह तारांतून नुसता ये-जा करतो, काम करीत नाही. त्याच्यामुळे एकूण प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. लेथवर काम नसताना, मोटर मोकळी फिरत असली, तरी अशी मोटर ६ अँपिअर घेऊ शकते. शक्तिगुणक मात्र ०.२ इतका खाली आलेला असतो. सूत्रात हे आकडे घाला : सुमारे ८६० वॅट. पाहा, प्रवाह अर्ध्याच्या थोडाच खाली आला, पण शक्ती दहावा हिस्साच राहिली! म्हणून नुसता अँपिअर-मीटर पाहून 'यंत्र इतकी वीज खाते' असे सांगणारा फसतो. पाटीवरचा ०.८३ हा शक्तिगुणकही पूर्ण भाराचाच असतो. कमी भारावर तो वापरता येत नाही.

या सूत्राची एक अट आहे. तिन्ही तारांतील प्रवाह जवळजवळ सारखे असले पाहिजेत. समजा, एका तारेचा फ्यूज उडाला. चालती मोटर तशीच फिरत राहील, पण घरघरू लागेल. त्या तारेत प्रवाह शून्य, तर उरलेल्या दोन तारांत तो बराच वाढलेला दिसेल. अशा वेळी गणित करीत बसू नये, मोटर ताबडतोब बंद करावी. नाही तर वेटोळी जळतात. जाणता वायरमन एकाच तारेतील प्रवाह पाहून थांबत नाही, तिन्ही तारांतील पाहतो, ते यासाठीच.

तेव्हा पुढच्या वेळी मोटरीची पाटी दिसली की आकडे वहीत टिपून घ्या. मात्र मोटरीला वा तारांना हात लावू नका. या गणिताला पाटी आणि पेन्सिल पुरे.