बारा बाय अठराची फ्रेम आणि पिक्सेलचा हिशोब

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा असतो. त्या धावपळीत कुणीतरी मोबाइलमधला एखादा चांगला फोटो व्हॉट्सॲपवरून स्टुडिओला पाठवतं आणि फोनवर सांगतं, ‘बारा बाय अठराची फ्रेम करा.’ फ्रेम घरी येते. लांबून चेहरा ठीक वाटतो, पण जवळ गेल्यावर चष्म्याच्या काडीला पायऱ्या दिसतात, केस वेगळे न दिसता एकच पांढरट पट्टा दिसतो आणि मागच्या कोऱ्या भिंतीवर बारीक चौकटी उमटलेल्या असतात. यात बहुतेक वेळा छपाईचा दोष नसतो. एवढ्या मोठ्या कागदाला पुरतील इतके पिक्सेल त्या फोटोत नसतात.

पिक्सेल म्हणजे डिजिटल फोटोतला एक रंगीत ठिपका. कागदाच्या एका इंचात असे किती ठिपके बसवायचे, ते डीपीआयच्या आकड्यात सांगतात. हातात धरून पाहायच्या फोटोसाठी स्टुडिओवाले ३०० डीपीआय धरतात. मग हिशोब सोपा आहे. रुंदी १२ इंच, म्हणून १२ गुणिले ३०० म्हणजे ३६०० पिक्सेल. उंची १८ इंच, म्हणजे ५४०० पिक्सेल. दोन्हींचा गुणाकार १ कोटी ९४ लाखांच्या वर जातो. दहा लाख पिक्सेलचा एक मेगापिक्सेल, तेव्हा हे १९ मेगापिक्सेलहून थोडं जास्त झालं. फ्रेमची रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर पिक्सेल चौपट लागतात.

आता उलट्या बाजूने पाहू. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल उभा धरून काढलेला फोटो साधारणपणे ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा असतो. त्याचं प्रमाण तीनास चार आणि फ्रेमचं दोनास तीन. त्यामुळे रुंदीतून ३३६ पिक्सेल कापावे लागतात आणि २६८८ बाय ४०३२ उरतात. ४०३२ भागिले १८ केलं की उत्तर येतं २२४ डीपीआय. तोच फोटो व्हॉट्सॲपच्या साध्या पद्धतीने पाठवला, तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १६०० भागिले १८, म्हणजे जेमतेम ८९. लग्नातल्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा कापून घेतला असेल, तर आकडा आणखी खाली जातो, कारण कापलेल्या भागाचेच पिक्सेल मोजायचे असतात.

मग ३०० नसतील तर फोटो करूच नये का? तसं नाही. चांगली नजर एक फुटावरून इंचातले साधारण ३०० ठिपके वेगळे ओळखू शकते आणि अंतर वाढलं की ही क्षमता त्याच प्रमाणात घटते. दोन फुटांवरून १५०, सहा फुटांवरून ५०. रस्त्यावरचे मोठे फ्लेक्स इतक्या कमी डीपीआयवर छापूनही चांगले दिसतात ते याचमुळे. पण घरातल्या फोटोला आपण हार घालतो, काच पुसतो, म्हणजे दीड-दोन फुटांवर येतोच. तिथे २२४ पुरतात, ८९ पुरत नाहीत. शिवाय व्हॉट्सॲप पिक्सेल कमी करतं तसं उरलेल्यांना दाबूनही टाकतं. भिंतीवरच्या त्या चौकटी या दाबण्यातून येतात.

कधीकधी सल्ला मिळतो, ‘फाइलमधला ७२ डीपीआयचा आकडा ३०० करा.’ त्याने काहीही होत नाही. तो आकडा म्हणजे छपाईसाठीची नुसती सूचना असते, पिक्सेल तितकेच राहतात. सॉफ्टवेअरने फोटो वाढवला तर पिक्सेल खरोखर वाढतात, पण ते शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. पायऱ्या गुळगुळीत होतील, पापणीचा हरवलेला केस मात्र त्यातून परत येणार नाही. फोटो मुळातच हललेला असेल, तर तिथे कितीही मेगापिक्सेल असले तरी उपयोग नाही.

म्हणून ज्याच्या मोबाइलमध्ये फोटो काढला गेला, त्याच्याकडूनच मूळ फाइल मागवावी. व्हॉट्सॲपवरूनच पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते. फोनमध्ये फोटोची माहिती उघडली की पिक्सेलचे दोन आकडे दिसतात. मोठ्या आकड्याला १८ ने भागावं. उत्तर १५० च्या वर आलं तर निर्धास्त राहावं. दुसरा फोटोच नसेल आणि उत्तर शंभराच्या आसपास अडलं, तर आठ बाय बाराची फ्रेम करावी. त्याच ८९ चे तिथे १३३ होतात. तरीही मोठीच फ्रेम हवी असेल, तर स्टुडिओला आधी एक नमुना करायला सांगावं. चेहऱ्याभोवतीचा, रुंदीचा आणि उंचीचा एक तृतीयांश भाग कापून तो चार बाय सहाच्या कागदावर छापायचा. मोठ्या फ्रेममध्ये डोळे, चष्मा आणि केस नेमके जसे दिसतील तसेच त्या छोट्या कागदावर दिसतात. तो कागद भिंतीवर चिकटवून दोन फुटांवरून पाहावा आणि मगच मोठ्या फ्रेमची ऑर्डर द्यावी.