गप्पा संपल्यावरचा गैरसमज

दोन अनोळखी माणसे पाच मिनिटे बोलतात. बोलणे संपल्यावर दोघांना वेगवेगळे बसवून दोन प्रश्न विचारले जातात: समोरची व्यक्ती तुम्हाला कितपत आवडली, आणि तुम्ही तिला कितपत आवडला असाल? दुसऱ्या प्रश्नाला मिळणारे गुण सरासरीने पहिल्यापेक्षा कमी भरतात. मानसशास्त्रात या फरकाला ‘लायकिंग गॅप’ म्हणतात. मराठीत त्याला पसंतीची तफावत म्हणता येईल. एरिका बूथबी, गस कूनी, जिलियन सँडस्ट्रॉम आणि मार्गारेट क्लार्क यांनी 2018 मध्ये ती प्रथम मांडली.

ही नुसती नम्रता नसून चूक आहे, हे साध्या हिशेबाने कळते. प्रयोगातला प्रत्येक जण गुण देणाराही असतो आणि घेणाराही. त्यामुळे सगळ्यांचे अंदाज बरोबर असते, तर मिळालेल्या गुणांची आणि अंदाजाची सरासरी जुळली असती. समजा, अ ने ब ला सातपैकी सहा गुण दिले आणि स्वतःला ब कडून पाचच मिळाले असतील असे धरले. ब नेही नेमके तेच केले. दोघांनाही सहा मिळाले आहेत, पण आपल्याला कमी मिळाले या समजुतीत दोघेही घरी जातात.

कागदावर गुण देताना माणसे भिडस्तपणे हात सैल सोडत असतील, अशी शंका इथे रास्त ठरते. पण हे गुण समोरच्याला दाखवले जात नव्हते. शिवाय संशोधकांनी संभाषणांची चित्रफीत तिऱ्हाइतांना दाखवली, तेव्हा कोणाला कोण किती आवडले याचा थोडाफार अंदाज त्यांना केवळ वागण्यावरून बांधता आला. म्हणजे खुणा तिथे होत्या. बाहेरच्याला त्या दिसल्या, ज्याच्यासाठी होत्या त्याने मात्र त्या हिशेबात घेतल्या नाहीत.

असे का होते, याचा एक धागा बोलणाऱ्याच्या मनात चाललेल्या टीकेत सापडतो. बोलताना माणसाचे अर्धे लक्ष स्वतःवरच असते: तो विनोद फसला का, आपण फारच बोललो का, तिचे नाव पुन्हा विचारायला हवे होते का. नंतर मनात काय काय आले, हे सहभागींना विचारले गेले. दुसऱ्याने आपल्याविषयी काय विचार केला असेल याचे त्यांचे अंदाज, त्यांच्या स्वतःच्या मनात दुसऱ्याविषयी आलेल्या विचारांपेक्षा जास्त नकारात्मक निघाले. समोरच्याला त्या चुका बहुधा जाणवतही नाहीत, कारण तोही आपल्याच चुका मोजत असतो. लाजाळू माणसांत ही तफावत मोठी दिसली; अगदीच कमी लाजणाऱ्यांत ती जवळजवळ नव्हती.

लहान मुलांतही ती आढळते, पण जन्मापासून नाही. 2021 च्या एका अभ्यासात चार वर्षांच्या मुलांमध्ये ती दिसली नाही, पाचव्या वर्षापासून दिसू लागली. दुसऱ्यांच्या नजरेत आपण कसे दिसतो, याची काळजी मुलांना साधारण त्याच वयात लागते.

सहवासाने ही समजूत निवळते, पण सावकाश. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या, एकाच सदनिकेत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षभरात अनेकदा हेच प्रश्न विचारले गेले. एकाच छताखाली राहूनही ही तफावत कित्येक महिने टिकली आणि वर्ष सरतासरता मिटली. कोणासोबत पुन्हा खोली घ्यायची, कोणाला सोबत बोलवायचे, असे निर्णय या काळात होत असतात. आपण नकोसे आहोत असे वाटणारा विद्यार्थी पुढाकार घेत नाही, आणि त्याचे मागे राहणे दुसऱ्याला बेफिकिरी वाटू शकते.

बोलण्यापूर्वीची भीती ही वेगळी चूक, पण याच घराण्यातली. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी 2014 च्या अभ्यासात शिकागोकडे लोकलने जाणाऱ्या काही प्रवाशांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितले, काहींना एकटे बसायला. प्रवास कसा वाटेल याची नुसती कल्पना करायला सांगितलेल्यांना एकांतच सुखाचा वाटला होता. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त आनंदात गेला. बोलायला न आवडणारा शेजारी मिळेल ही भीती प्रवाशांना होती. एप्लींच्या मते सगळेच एकमेकांविषयी असे धरून बसल्याने डबा गप्प राहतो.

ही भीती एका चांगल्या अनुभवाने जात नाही, कारण ‘आजचा माणूस बरा निघाला’ एवढाच अर्थ काढून ती पुन्हा जागच्या जागी येते. म्हणून सँडस्ट्रॉम यांनी सरावाचा प्रयोग केला: आठवडाभर रोज खजिना शोधण्याच्या खेळासारखी, टोपी घातलेला किंवा चित्रकार वाटणारा कोणी शोधून त्याच्याशी बोलण्याची कामगिरी. तुलनेसाठीच्या गटाने तशी माणसे फक्त शोधली, बोलणे टाळले. बोलणाऱ्यांची नकाराची धास्ती कमी झाली, आपल्याला बोलता येते हा विश्वास वाढला, आणि हा बदल खेळ संपल्यानंतर आठवडाभराने विचारले तेव्हाही टिकून होता.

यांतले बहुतेक निष्कर्ष अमेरिका-ब्रिटनमधले आणि सरासरीचे आहेत. समोरच्याला खरोखरच बोलायचे नसते असे प्रसंग येतातच. कानातले हेडफोन, तुटक उत्तरे, परत प्रश्न न विचारणे या खुणा तेव्हाही खऱ्याच असतात.