पाण्याचा रंग गेला, मीठ कुठे गेलं?

अंधेरीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: रंगाई कारखान्याने नाल्यात सोडलेलं पाणी नितळ असेल, तर ते स्वच्छच म्हणायचं ना?

नाही. उत्तरासाठी रंगाच्या भांड्यात डोकावू. १९५४ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन या दोघांनी सुताशी रासायनिक गाठ मारणारा रंग शोधला. सोडा घातला की रंगाच्या रेणूवरचा आकडा धाग्यात अडकतो आणि कपडा धुण्यात विटत नाही. गोम अशी की पाण्याचा रेणूही तोच आकडा पकडतो. पाण्याशी लग्न लागलेला रंग धाग्याला निरुपयोगी ठरतो आणि थेट सांडपाण्यात जातो.

१०० किलो सूत रंगवायचं समजा. १,००० लिटर पाणी, ३ किलो रंग आणि ६० किलो मीठ. मीठ कशाला? पाण्यात रंग आणि सूत दोन्ही ऋणभारित, म्हणून एकमेकांना दूर सारतात. मीठ त्यांचं भांडण मिटवतं. मग ६५ टक्के रंग बसला, तरी एक किलोहून अधिक रंग वाहून जातो. मीठ तर सगळंच जातं.

या सांडपाण्यात चुना आणि हिराकस घातला की काही रंग गाळात बसतो. मात्र हा रंग पाण्यात पक्का विरघळलेला असतो, त्यामुळे उरलेला जिवाणूंवर सोपवतात. हवा नसलेल्या टाकीत ते रंगाचे बंध तोडतात आणि पाणी निवळतं. पण तुटलेले तुकडे, म्हणजे ॲरोमॅटिक अमाइन, काही वेळा मूळ रंगापेक्षा विषारी असतात. पुढे हवा खेळवलेल्या टाकीत ते पचवले, तरच काम पुरं. मधेच थांबलेलं पाणी डोळ्यांना फसवतं. क्लोरीन घालून रंग उडवणं तर निव्वळ रंगसफेदी.

मीठ मात्र कुठलाच जिवाणू खात नाही. त्यासाठी आरओ आणि बाष्पीभवन लागतं, आणि ते महाग पडतं. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम; नुसतं पाणी ओतून ती गाठायची, तर या ६० किलोंना सुमारे २८,५०० लिटर गोडं पाणी लागेल. माहीमच्या खाडीला मिठाचं नवल नाही, पण अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनीला आहे.

म्हणून मला शुद्धीकरणापेक्षा भांड्यातली सुधारणा जास्त भावते. दोन आकड्यांचे रंग वापरले की एक पाण्याने पकडला, तरी दुसरा धागा धरतो. बसण्याचं प्रमाण ८५ टक्के झालं, तर ३ किलोंतला फक्त ४५० ग्रॅम रंग वाया जातो. भांड्यातलं पाणीही कमी केलं आणि ६०० लिटरमध्ये लिटरला ४० ग्रॅम मीठ पुरलं, तर मीठ २४ किलोंवर येतं.

लेबलवरचं ‘नैसर्गिक रंग’ याहून वेगळं; तो सुतावर बसवायला बहुधा तुरटी किंवा लोखंडाचे क्षार लागतात, आणि तेही नाल्यातच जातात. तेव्हा विक्रेत्याने ‘लो-इम्पॅक्ट’ म्हटलं की दोनच गोष्टी विचारा: रंग किती टक्के बसतो, आणि मीठ किती लागतं?