भेट पुढे ढकलण्याचं पत्र

चार्टर्ड अकाउंटंटचं छोटं ऑफिस असो की घरून चालणारा इंटिरियरचा व्यवसाय, भेटींच्या वेळा ठरवणारे ईमेल फिरून फिरून तेच असतात. वेळ सुचवणं, ठरलेली वेळ पक्की करणं, भेट पुढे ढकलणं आणि उत्तर आलं नाही तर आठवण करणं. या चौघांचे मसुदे तयार ठेवले तर रोजचं बहुतेक काम भागतं. जीमेलमध्ये Settings मधल्या Advanced या भागात Templates सुरू केलं की ते तिथेच साठवता येतात.

चारांत सर्वांत अवघड पुढे ढकलण्याचं पत्र, कारण त्यात आपण समोरच्याचा ठरलेला वेळ मोडत असतो. त्याचा कायमचा भाग असा ठेवावा:

“मंगळवार, १० मार्च, सकाळी ११ ची आपली भेट मला पुढे ढकलावी लागते आहे. गुरुवार, १२ मार्च, दुपारी ४ किंवा शुक्रवार, १३ मार्च, सकाळी ११, यांपैकी कोणती वेळ जमेल? दोन्ही जमत नसतील तर तुमच्या सोयीची वेळ कळवा.”

यात ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द मुद्दाम नाहीत, कारण पत्र दुसऱ्या दिवशी उघडलं गेलं तर अर्थच बदलतो. पर्याय दोनच दिले आहेत. ‘केव्हाही चालेल’ म्हटलं की ठरवण्याचं ओझं समोरच्यावर पडतं आणि उत्तर लांबतं.

कारण आणि दिलगिरी मात्र मसुद्यात लिहूच नये. तिथे [[कारण]] एवढीच खूण ठेवावी. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ ही वाक्यं रेल्वे फलाटावरच्या घोषणेसारखी वाटतात, ती याच जागी तयार मजकूर भरल्यामुळे. ग्राहक डोंबिवलीहून अर्धी रजा टाकून येणार असेल, तर लिहावं: “तुम्ही रजा टाकली असेल याची मला कल्पना आहे. ऑडिटचं काम एक दिवस लांबलं. हवं तर कागद ईमेलने पाठवा, भेट फोनवरच उरकू.” हेच वाक्य दुसऱ्या ग्राहकालाही जसंच्या तसं पाठवता येत असेल, तर ते पुन्हा लिहावं. भेट दुसऱ्यांदा ढकलावी लागली, तर मसुदा बाजूला ठेवून सरळ फोन करणं बरं.

ग्राहक न्यूयॉर्कला असेल तर दोन्हीकडची वेळ लिहावी. आपले रात्रीचे ८ म्हणजे तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, त्यामुळे जुन्या मसुद्यातली वेळ तशीच राहिली की तासाचा घोळ होतो.

खरी फजिती होते ती मागच्या माणसाचं नाव किंवा मागची तारीख राहून गेल्यामुळे. म्हणून बदलायच्या प्रत्येक जागी [[ ]] हीच खूण ठेवा, पाठवण्याआधी ती कुठे उरली नाही ना ते बघा आणि वार व तारीख कॅलेंडरशी ताडून घ्या.